चौकटीतला आकडा

न्हावा-शेवा बंदरामुळे जासई-द्रोणागिरी पट्ट्यात क्लिअरिंग-फॉरवर्डिंगची कितीतरी ऑफिसं आहेत. तिथे दिवसभर शिपिंग लाइनला मेल जात असतात: कंटेनर नंबर, सील नंबर, वजन, माल घेणाऱ्याचं नाव. यावरूनच बिल ऑफ लेडिंग तयार होतं. चूक राहिली आणि जहाज सुटलं, की दुरुस्तीचे पैसे भरावे लागतात, शिवाय पार्टीचं बोलणं खावं लागतं ते वेगळंच.

यातल्या कंटेनर नंबरची एक सोय आहे. दारावर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी बहुधा चौकटीत एक आकडा असतो. तो चेक डिजिट. CSQU3054383 हा पाठ्यपुस्तकी नमुना घ्या. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते. ती आणि पुढचे आकडे क्रमाने १, २, ४, ८ असे ५१२ पर्यंत दुप्पट होत जाणाऱ्या संख्यांनी गुणायचे. बेरीज ६१८५ येते. तिला ११ ने भागलं की बाकी ३, आणि चौकटीतही ३. आता घाईत ५४ चे ४५ झाले, तर बेरीज ६२४९ आणि बाकी १ येते. चूक उघडी पडली. हे हाताने कुणी करत नाही. एक्सेलमधलं सूत्र करतं.

पण इथेच माणूस गाफील राहतो. एकाच बुकिंगचे दोन डबे असतील आणि दुसऱ्याचा नंबर चिकटवला, तर सूत्र खुशाल ‘बरोबर’ म्हणेल. सील नंबरच्या बाबतीत तर अशा सूत्राचा भरवसाच नाही. म्हणून दोन्ही नंबर ड्रायव्हरने पाठवलेल्या दाराच्या फोटोवरून वाचावेत, आपल्याच जुन्या फाइलवरून नव्हे. एकाने फोटो बघून मोठ्याने म्हणावं, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवावं. वजनाचं, डबा आणि माल मिळून एकूण की नुसत्या मालाचं, एवढं विचारलं तरी पुरतं. नाव मात्र बँकेच्या एलसीवर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट. तिथे आपलं शहाणपण चालवू नये.

जोडलेली फाइल फोल्डरमधून नव्हे, मेलमधूनच उघडावी. फोल्डरमध्ये ‘फायनल’ आणि ‘फायनल २’ शेजारी-शेजारी नांदत असतात.

पत्ता सगळ्यात शेवटी. दोन अक्षरं टाइप केली की मेल स्वतःच नाव सुचवतो, आणि एकाच नावाचे ‘पाटील’ दोन स्पर्धक निर्यातदारांकडे असू शकतात. एकाचं इनव्हॉइस दुसऱ्याकडे गेलं, तर पहिल्याचा दर फुटला. यावर कुठलाच चेक डिजिट नाही. म्हणून ‘टू’, ‘सीसी’ आणि ‘बीसीसी’चे रकाने फाइल उघडून बघेपर्यंत कोरेच ठेवायचे, चुकून ‘सेंड’ दाबलं तरी मेल जागचा हलत नाही. आधीच्या मेलला ‘रिप्लाय ऑल’ केलं तर हा उपाय फुकट, कारण पत्ते आधीच भरलेले असतात. ते पुसून नव्याने टाकायला कंटाळा येतो खरा.