मुलाखतीत नर्सने काय बोलावे? बलस्थान, उणीव आणि चिडलेला रुग्ण

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलीचे जीएनएम पूर्ण झाले, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही मिळाली. आता एका खासगी रुग्णालयातून मुलाखतीसाठी बोलावणे आले आहे. त्या लिहितात, "मुलगी कामात हुशार आहे, पण समोर मेट्रन मॅडम बसल्या की तिला शब्द सुचत नाहीत. तुमचे गुण सांगा, दोष सांगा, रागावलेल्या पेशंटला कसे हाताळाल, असे विचारतात म्हणे. तिने काय सांगावे?"

हे तीन प्रश्न नव्या नर्सला बहुतेक ठिकाणी विचारले जातात. विचारणाऱ्या मेट्रनला ठाऊक असते की मुलगी नुकतीच शिकून बाहेर पडली आहे, तिच्याकडे मोठा अनुभव नाही. त्यांना इतकेच पाहायचे असते की रात्रपाळीत तीस रुग्णांच्या वॉर्डात हिला ठेवले, तर ही काय पाहील, कोणाला कळवेल आणि स्वतःहून काय करणार नाही. म्हणून प्रत्येक उत्तर इंटर्नशिपमधल्या एखाद्या खऱ्या प्रसंगावर उभे असावे. प्रसंग सांगताना रुग्णाचे नाव, बेड नंबर किंवा रुग्णालयाचे नाव घेऊ नये. रुग्णाची माहिती बाहेर न बोलणे हा नर्सिंगचा पहिल्या वर्षाचा धडा आहे आणि मुलाखतीत तो नकळत तपासला जातो.

बलस्थान : एकच सांगा, पण दाखवून द्या

"मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, मला सेवेची आवड आहे" हे प्रत्येक उमेदवार म्हणते. ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. त्याऐवजी एक गुण निवडावा आणि तो वॉर्डात कुठे दिसला ते चार वाक्यांत सांगावे.

आपल्या घरातील अनेक मुलींकडे एक गुण असतो, पण त्या तो मोजतच नाहीत. त्या मराठी, हिंदी आणि उर्दू सहज बोलतात. रुग्णशय्येजवळ याचा किती उपयोग होतो पाहा. एखादी मुलगी असे सांगू शकेल : "सर्जिकल वॉर्डात एका आजींना ऑपरेशनपूर्वी उपाशी ठेवायचे होते. त्यांना मराठी नीट कळत नव्हते. त्या फक्त मान हलवत होत्या. मी त्यांच्या बोलीत विचारले, 'नानी, सुबह से क्या लिया?' तेव्हा कळले की त्यांनी तासाभरापूर्वी दुधाचा चहा घेतला होता. मी लगेच स्टाफ सिस्टरना सांगितले. त्यांनी भूलतज्ज्ञांना कळवले आणि ऑपरेशनची वेळ पुढे गेली."

पोटात अन्न किंवा दूध असताना भूल दिली तर उलटी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मेट्रनना हे माहीत असते, त्यामुळे वेगळी फुशारकी मारावी लागत नाही. भाषा येते, प्रश्न नेमका विचारता येतो आणि कळलेली गोष्ट योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचवता येते, हे तिन्ही त्यात आले.

उणीव : खरी हवी, सुधारता येणारी हवी

येथे मुली दोन टोकांना जातात. एक टोक म्हणजे "माझा दोष हाच की मी फार काम करते." हे पाठ केलेले उत्तर लगेच ओळखू येते. दुसरे टोक म्हणजे "मी विसरते" किंवा "मला लवकर राग येतो." औषधाच्या मात्रा आणि वेळा सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या तोंडी हे वाक्य ऐकले की पुढचे बोलणेच थांबते.

मधली वाट अशी : नवख्या नर्सला स्वाभाविक असलेली एखादी कौशल्याची उणीव सांगावी, तोपर्यंत रुग्णाला इजा होऊ नये म्हणून आपण काय करतो ते सांगावे आणि सुधारणेसाठी काय चालू आहे ते सांगावे. उदाहरणार्थ : "वयस्क रुग्णांच्या शिरा नाजूक असतात. त्यांना सलाईनची सुई लावताना माझा हात अजून पूर्ण बसलेला नाही. म्हणून मी दोनदाच प्रयत्न करते. नाही जमले तर सिनिअर सिस्टरना बोलावते आणि त्या कशी लावतात ते उभी राहून पाहते. इंटर्नशिपच्या शेवटच्या महिन्यात मी सकाळच्या पाळीत मुद्दाम हे काम मागून घेत होते."

या उत्तरातले वजनदार वाक्य "दोनदाच प्रयत्न करते" हे आहे. नवी नर्स भिडेपोटी कोणाला हाक मारत नाही आणि रुग्णाला चार-पाच वेळा टोचत राहते, ही प्रत्येक इन्चार्ज सिस्टरची काळजी असते. ती काळजी तुम्ही न विचारता दूर केली. इंग्रजी बोलताना अडखळणे हीदेखील खरी उणीव आहे. ती सांगायला हरकत नाही, पण डॉक्टरांनी फोनवर दिलेली सूचना आपण लिहून घेतो आणि पुन्हा वाचून दाखवून खात्री करतो, हे त्याबरोबर सांगावे.

चिडलेला रुग्ण : आधी पाहा, मग समजूत काढा

"मी शांत राहीन आणि त्यांना प्रेमाने समजावीन." हे उत्तर वाईट नाही, पण अपुरे आहे. रुग्णालयातला राग हा कधी कधी स्वतःच आजाराचे लक्षण असतो. रक्तातली साखर उतरली, ऑक्सिजन कमी झाला, लघवी तुंबली, वेदना असह्य झाली, डोक्याला मार लागला असेल किंवा रोज दारू पिणाऱ्याची दारू दाखल झाल्यामुळे अचानक बंद झाली, तर शांत माणूसही ओरडू लागतो. अशा माणसाची गोड बोलून समजूत काढत बसलो तर मोलाचा वेळ जातो. नर्सचे उत्तर दुकानातल्या सेल्समनच्या उत्तरापेक्षा येथेच वेगळे ठरते.

एक प्रसंग घेऊ. मेल मेडिकल वॉर्डातील मधुमेहाचे एक गृहस्थ. सकाळी साडेसातला इन्सुलिन दिले गेले. तेवढ्यात सोनोग्राफीचे बोलावणे आले, म्हणून नाश्ता थांबला. सव्वानऊला ते परत आले आणि ओरडू लागले, "इथे माणसाला उपाशी मारता का?" समोरचा ट्रे त्यांनी ढकलून दिला. तेथे असलेली इंटर्न मुलगी मुलाखतीत हे असे सांगेल :

"मी त्यांच्यापासून दोन हात अंतर ठेवून, दाराच्या बाजूला उभी राहिले आणि वॉर्डातल्या मावशींना स्टाफ सिस्टरना बोलवायला सांगितले. काकांकडे पाहिले तर कपाळावर घाम होता आणि हात थरथरत होते. मी म्हटले, 'काका, सकाळपासून उपाशी आहात, राग येणारच. आधी तुमची शुगर बघू द्या, मग नाश्त्याचे बघते.' सिस्टर आल्या, मी ग्लुकोमीटरने तपासले, शुगर ५४ होती. सिस्टरच्या सांगण्यावरून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. त्यांनी ड्यूटी डॉक्टरांना कळवले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली तेव्हा ८२ होती. मग त्यांना नाश्ता दिला. तोपर्यंत ते स्वतःच शांत झाले होते."

यातला क्रम लक्षात ठेवावा. प्रथम सर्वांची सुरक्षितता, मग रुग्णाकडे नीट पाहणे, मग बोलणे, मग अडलेले काम मार्गी लावणे आणि शेवटी कळवणे व लिहिणे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजतात. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तरच तोंडाने सुमारे १५ ग्रॅम साखर देतात आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. तो गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, डॉक्टरांना तत्काळ बोलवायचे, कारण मग ग्लुकोज शिरेतून द्यावे लागते. हा फरक मेट्रन हमखास विचारतात.

आणखी एक गोष्ट. इन्सुलिन देऊन नाश्ता थांबला, ही वॉर्डातली चूकच होती. पण मुलाखतीत "डॉक्टरांची चूक", "सकाळच्या सिस्टरची चूक" असे बोट दाखवू नये. "त्यानंतर तपासणीला पाठवण्यापूर्वी इन्सुलिन दिले आहे का, हे मी विचारून घेऊ लागले," एवढे म्हटले की पुरते.

पुढचे उपप्रश्न

"शुगर आणि बाकी सगळे ठीक असेल तर?" मग राग तक्रारीचा आहे. अशा वेळी "शांत व्हा" आणि "हा आमचा नियम आहे" ही दोन वाक्ये टाळावीत, त्यांनी आग भडकते. मिनिटभर मध्ये न बोलता ऐकावे. तक्रार आपल्या शब्दांत परत सांगावी : "म्हणजे ड्रेसिंगसाठी तुम्ही दहा वाजल्यापासून थांबला आहात." जो त्रास झाला त्याबद्दल माफी मागावी. मग पाळता येईल अशीच वेळ द्यावी. "दोन मिनिटांत येते" म्हणून अर्ध्या तासाने जाण्यापेक्षा "साडेअकरापर्यंत होईल, उशीर होणार असेल तर मी स्वतः येऊन सांगेन" हे बरे, आणि मग खरोखर जाऊन सांगावे.

"त्यांनी हात उगारला तर?" येथे सहनशीलतेचे कौतुक नको आहे. उत्तर सरळ द्यावे : "मी मागे सरेन, खोलीबाहेर पडेन, सुरक्षारक्षक आणि इन्चार्ज सिस्टरना बोलावीन, शेजारच्या रुग्णांना दूर करायला सांगेन आणि पुन्हा एकटी आत जाणार नाही." रुग्णालयातील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्याचे संरक्षण परिचारिकांनाही आहे. हे माहीत असावे, पण रुग्णाला कायद्याची धमकी देणे हे नर्सचे काम नाही. पुढची कारवाई रुग्णालयाचे प्रशासन करते.

"नर्सेस नोट्समध्ये काय लिहाल?" "रुग्ण भांडखोर आहे" असे मत लिहायचे नाही. दिसले आणि केले तेवढेच लिहायचे : "सकाळी ९.१५, रुग्ण मोठ्याने बोलत होते, ट्रे ढकलला. घाम व हातांना थरथर. शुगर ५४. साखरपाणी दिले, ड्यूटी डॉक्टरांना कळवले. ९.३५ ला शुगर ८२, नाश्ता दिला." उद्या तक्रार झाली तर हीच नोंद नर्सच्या बाजूने उभी राहते.

या भगिनींच्या मुलीने आता एक वही घ्यावी. इंटर्नशिपमधले तीन खरे प्रसंग त्यात लिहावेत, एक गुणाचा, एक उणिवेचा, एक रागाचा. येथे दिलेली उत्तरे पाठ करून उपयोग नाही, कारण पहिल्याच उपप्रश्नाला ती उघडी पडतील. स्वतःचा प्रसंग मात्र कुठूनही विचारला तरी सांगता येतो. मग अम्मीसमोर बसून प्रत्येक उत्तर दीड-दोन मिनिटांत मोठ्याने सांगावे. अम्मीने मध्येच विचारावे, "मग तू कोणाला सांगितलेस?" ज्या प्रसंगात या प्रश्नाचे उत्तर नसेल, तो प्रसंग बदलावा.