पेज-भाताच्या पथ्याविरुद्ध

‘वय झालं की भूक मंदावायचीच. दोन घास गेले तरी पुष्कळ, आणि जे जाईल ते हलकं असावं.’ पंचवटीतल्या वाड्यांपासून नाशिकरोडला प्रेसमधून निवृत्त झालेल्यांच्या सोसायट्यांपर्यंत हे मत सगळीकडे ऐकू येतं. ते मायेपोटी मांडलं जातं, म्हणून खोडायला जड जातं. पण खोडायला हवं, कारण त्याच्या भरवशावर चाललेल्या घरांत म्हातारी माणसं भरल्या घरात कुपोषित होत आहेत.

या मतात तथ्य आहे तेवढं आधी मान्य करतो. सत्तरीनंतर हालचाल कमी होते, त्यामुळे ऊर्जा कमी लागते. वास आणि चव मंदावतात, जठर सावकाश रिकामं होतं, चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं. इथवर सगळं खरं. चूक पुढे होते. ऊर्जेची गरज उतरली म्हणून प्रथिनांचीही उतरली असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात म्हाताऱ्या स्नायूला तरुणाइतकंच प्रथिन दिलं तरी तो तेवढी बांधणी करत नाही. त्याला जास्त द्यावं लागतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन ठरवलं. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांची संस्था ज्येष्ठांसाठी किमान १ ग्रॅम सांगते, आणि खंगलेल्या किंवा आजारातून उठलेल्यांसाठी १.२ ते १.५ ग्रॅम.

आता हे ताटात मोजून पाहू. समजा आजींचं वजन ४५ किलो आहे. म्हणजे त्यांना रोज निदान ४५ ग्रॅम प्रथिन हवं. सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटं, अकराला एक पोळी, थोडी भाजी आणि पातळ वरणाचे दोन चमचे, चारला पुन्हा चहा-बिस्किटं, रात्री तूप घातलेला मऊ भात. दोन्ही चहांतल्या दुधाचे ३ ग्रॅम, चार बिस्किटांचे जेमतेम दीड, पोळीचे ३, वरणाचे २-३, भाताचे ३. भाजीसकट सारा दिवस पंधराच्या आसपास थांबतो. घरातलं कुणीही म्हणेल, आजी व्यवस्थित जेवतात, तूपसुद्धा घालतो. तूप जरूर घाला, त्याने ऊर्जा मिळते आणि घास खाली उतरतो, पण त्यात प्रथिन नाही. साबुदाण्यात तर जवळजवळ नाहीच.

माझं म्हणणं एवढंच, की घास वाढवता येत नसतील तर घासातलं सत्त्व वाढवा. त्याच आजींना सकाळी दीडशे मिली दुधात २० ग्रॅम, म्हणजे दोन भरून मोठे चमचे, बिनसायीच्या दुधाची पावडर कालवून नाचणीचं सत्त्व द्या; तिथेच १२ ग्रॅम झाले. अकराला ३० ग्रॅम मूगडाळीचं घट्ट वरण, त्याचे ७. पोळीचे ३, वाटीभर दह्याचे ३. चारला चहाबरोबर बिस्किटांऐवजी उकडलेलं अंडं, आणि ते चालत नसेल तर २५ ग्रॅम फुटाण्यांचं पीठ ताकात कालवून, ६ ग्रॅम. रात्री भाताच्या जागी भिजवलेल्या मूगडाळीचं मऊ धिरडं, वर कुस्करलेलं पनीर, १२ ग्रॅम. चहातलं दूध धरून बेरीज ४५च्या पुढे जाते आणि ताट मोठं झालेलं नसतं. दात नसले तरी यातलं सगळं खाता येतं. एकच गोष्ट पाळायची: पहिले घास वरणाचे, धिरड्याचे, अंड्याचे, आणि भात-पोळी मागून. चौथ्या घासाला पोट भरणाऱ्या माणसाच्या बाबतीत आधी काय खाल्लं यावर सगळं ठरतं. एकादशी मोडायचीही गरज नाही. उपासाला दूध, दही, दाण्याचं कूट, राजगिरा चालतो. मग ताट नुसत्या साबुदाण्याने का भरायचं?

‘जास्त प्रथिनांनी किडनी जाते’ हा आक्षेप इथे हमखास येतो. किडनीचा आजार असलेल्यांना तो लागू आहे. त्यांनी प्रथिनांचं माप डॉक्टरांकडूनच घ्यावं, वरचा हिशेब त्यांच्यासाठी नाही. पण किडनी ठीक असलेल्या आजींचं वरण या भीतीपोटी पातळ करणं म्हणजे नसलेल्या आजाराचं पथ्य पाळणं. कोण खंगतंय हे ओळखायला शिवणकामाची टेप पुरते. पोटरीचा सर्वांत जाड भाग ३१ सेंटिमीटरच्या खाली असेल, किंवा सहा महिन्यांत वजन शेकडा पाचहून अधिक उतरलं असेल (४५ किलोच्या आजींचं सव्वादोन किलो), तर त्याला वयाचा दोष म्हणून सोडून देऊ नये. नवं औषध, सैल कवळी, बद्धकोष्ठ, जोडीदार गेल्याचं दुःख. भूक मरायला यातलं एखादं कारण पुरतं, आणि ते शोधता येतं.

दुसरा समज कोवळ्या उन्हाचा. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी सात वाजता फिरणारे कितीतरी जण सांगतात, ‘ड जीवनसत्त्व मिळतंय.’ फिरणं उत्तम, पण त्या वेळच्या तिरप्या उन्हात ते जीवनसत्त्व बनवणारे अतिनील किरण जवळपास नसतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. डिसेंबरात नाशकात ती वेळ साधारण पावणेबारा ते सव्वा एकपर्यंतच असते. त्यात म्हातारी त्वचा तरुण त्वचेच्या निम्म्याहूनही कमी जीवनसत्त्व बनवते, आणि बंद खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने काहीच बनत नाही. एप्रिल-मेच्या भर दुपारी आजोबांना गच्चीवर बसवा असं कुणी सांगणार नाही. अंड्याचा बलक आणि तेलकट मासे सोडले तर आपल्या जेवणातही ते नगण्य. म्हणून सत्तरीपुढच्या बहुतेकांना गोळी लागते, आणि साधारण ८०० युनिट रोज पुरतात.

पण गोळीवरही अतिश्रद्धा नको. ६०,००० युनिटची पुडी कमतरता भरून काढण्यासाठी सहसा आठवडे मोजून देतात, आठवड्याला एक अशी आठ, आणि पुढे लागलीच तर महिन्याला एक. काही घरांत तीच चिठ्ठी दाखवून दर आठवड्याची पुडी वर्षानुवर्षं चालू राहते, किंवा ‘आठवड्याला’ हा शब्द निसटून ती रोज घेतली जाते. त्यावर कॅल्शियमच्या गोळ्या आणि कुणी सुचवलेलं इंजेक्शन. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की पहिली मरते ती भूकच. मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, गोंधळलेपण. भूक नसलेल्या माणसाच्या डब्यातली पुडी म्हणूनच आधी मोजायची.

तिसरा समज असा, की तहान लागेल तेव्हा माणूस पाणी पिईल. म्हातारपणी तहान उशिरा आणि अर्धवट लागते. शिवाय रात्री उठावं लागू नये म्हणून कित्येक आजी मुद्दाम पाणी टाळतात. हातावरची कातडी चिमटीत धरून किंवा लघवीचा रंग बघून या वयात पाणी कमी पडल्याचं खात्रीने सांगता येत नाही, म्हणून पेले मोजणं हाच मार्ग. बाईला दिवसाला १.६ लिटर, पुरुषाला २ लिटर पेयं, आणि त्यात चहा, ताक, दूध, सार सगळं धरायचं. चहाने शरीर कोरडं पडतं म्हणून तो वगळणाऱ्यांनी म्हाताऱ्यांचा सर्वांत आवडता पेला हिशेबातून उगाच काढून टाकला आहे. मात्र जेवणाआधी अर्धा तास पेला पुढे करू नका. पोटात आधीच जागा कमी आहे. मोठा वाटा सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत संपवला की रात्रीचं उठणंही कमी होतं. हृदय अशक्त असल्यामुळे किंवा किडनीमुळे डॉक्टरांनी पाण्याला मर्यादा घातली असेल, तर तीच मर्यादा पाळायची, आणि तेवढ्यातला जास्तीत जास्त भाग दुधा-ताकाला द्यायचा का, हेही त्यांनाच विचारायचं.