युरियाची गोणी फोडण्याआधी फोटो नीट काढा

प्रकाशा-शहादा पट्ट्यातल्या शेतकरी भावाबहिणींनो, मका पिवळा दिसला की आपण मोबाइलवर फोटो काढतो, ओळखीच्या माणसाला पाठवतो आणि "युरिया टाका" असं उत्तर आलं की गोणी फोडतो. त्याआधी एवढं करा.

तापीकाठच्या आपल्या काळ्या जमिनीत मक्याचं एकच पान धरा. मागे काळी माती येईल असा एक फोटो काढा आणि मागे आभाळ येईल असा दुसरा. पहिल्यात पान फिकट येईल, दुसऱ्यात काळपट. पान तेच आहे. काळं जास्त दिसलं की मोबाइल आपणहून उजेड वाढवतो, आभाळ दिसलं की कमी करतो. संध्याकाळच्या तांबूस उन्हात तर चांगलं पोसलेलं पानही पिवळट दिसतं. म्हणून नुसत्या फोटोतल्या हिरव्या छटेला काही अर्थ नाही. तिच्याशेजारी ताडून बघायला काहीतरी हवं.

ते आपल्याच शेतात तयार करता येतं. पेरणीच्या वेळी बांधापासून थोड्या आतल्या दोन ओळींना बाकीच्यांपेक्षा जास्त नत्र द्या आणि तिथे खूण म्हणून काठी रोवा. शंका आली की त्या ओळीतलं एक पान आणि शंकेच्या झाडाचं त्याच जागचं एक पान घ्या. दोन्ही पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा, अंगाची सावली पाडा आणि एकाच फोटोत घ्या. कागद पिवळट किंवा निळसर आला तर तो फोटो टाकून द्या. अशी दहा झाडं वेगवेगळ्या जागची बघा, बांधाजवळची सोडून. बहुतेक पानं खुणेच्या ओळीपेक्षा स्पष्ट फिकट असतील, तरच नत्राचा संशय धरा.

मग पूर्ण झाडाचा फोटो काढा, कारण कुठलं पान पिवळं आहे हे छटेपेक्षा जास्त सांगतं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं. त्यामुळे आधी खालची पानं पिवळी पडतात, आणि मक्यात तो पिवळेपणा टोकाकडून मधल्या शिरेने आत सरकतो. वरची कोवळी पानं आधी पिवळी पडली तर गंधक किंवा लोहाची कमतरता असू शकते. तिथे युरिया टाकून उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र फोटोत दिसतच नाही. जोराच्या पावसानंतर पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि खालची पानं अशीच पिवळी पडतात. चिखलात टाकलेला युरिया तिथे बराच वाया जातो. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या. नवी पानंही फिकटच निघाली तर दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम युरिया मिसळून ऊन उतरल्यावर एक फवारा मारा. चार-पाच दिवसांनी तसाच कागद आणि तीच खुणेची ओळ घेऊन पुन्हा फोटो काढा. फरक पडला असेल तरच उरलेली मात्रा जमिनीतून द्या.