हुंदका कुठल्या ओळीत आहे?

कणकुंबीच्या नदीवरची माझी चार ओळींची कविता एका स्मरणिकेत छापून आली. कविता अशी:

देवळापाशी नदी ओंजळीएवढी
आई म्हणते, हळू, अजून निजली आहे
खाली तिला सगळे नावाने हाक मारतात
आम्ही अजून बारसे केलेले नाही

तिच्याखाली एका विद्वानांचा परिच्छेद: ‘सीमाभागाची भळभळती जखम या कवितेत हुंदके देते. कवीचा आक्रोश काळीज पिळवटून टाकतो. शब्दाशब्दांतून मातीचा गंध दरवळतो.’

स्तुती माझीच, तरी डोके फिरले. पेन घेतले आणि प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहिला: कुठली ओळ? जखम कुठेच नाही. हुंदका नाही. मातीचे नाव नाही, आहे ते ओंजळभर पाणी. आक्रोशाला तर दुसरी ओळच गप्प बसवते. आई ‘हळू’ म्हणते आहे. विद्वानांनी कविता वाचलीच नाही, माझा पत्ता वाचला. खानापूर तालुका दिसला की १९५६ आठवायचे, आणि १९५६ आठवले की जखम! मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि कूडलसंगमाला कृष्णेला मिळेपर्यंत कर्नाटकातच वाहते. नदी सीमेपर्यंत जात नाही; समीक्षक मात्र तिथेच बसलेले.

‘मग ओळी घालतो की मध्ये,’ असे कुणी म्हणेल. नुसत्या घालून काय होणार? ओळीतल्या नेमक्या शब्दावर बोट ठेवले नाही, तर अवतरण म्हणजे भिंतीवरचे तोरण. म्हणून तो परिच्छेद मीच पुन्हा लिहिला:

‘“ओंजळीएवढी” हे आधी पाण्याचे माप वाटते. “निजली” आणि “बारसे” आल्यावर ते तान्ह्या मुलीचे होते. मग “खाली” ही नुसती दिशा उरत नाही, ते तिचे पुढचे वय ठरते. तिथे ती “सगळ्यां”ची. इथे फक्त “आम्ही” आहोत. “अजून” दोनदा येतो, एकदा झोपेसोबत, एकदा बारशासोबत. त्यामुळे राहिलेले बारसे हा हलगर्जीपणा वाटत नाही. ती मोठी होऊन जाऊ नये म्हणून केलेली टाळाटाळ वाटते.’

यात काळीज पिळवटत नाही, पण कुठलेही वाक्य खोडायचे तर आधी कवितेतला शब्द खोडावा लागेल. ‘नावाने हाक’ यावरून भाषेच्या वादाकडे जाता येईल का? शक्यता म्हणून एक वाक्य लिहा आणि थांबा. ते नाव कुठल्या भाषेतले, हे कविता सांगत नाही.

आता कबुली. लिहिताना माझ्या मनात सीमाप्रश्नच होता. पण तो ओळीत उतरला नाही, तेव्हा कवी असूनही माझी साक्ष इथे चालायची नाही. मग विद्वानांची का चालावी?