दुपारची सावली दक्षिणेला? मग बॉस, तुम्ही ट्रॉपिकल!

‘ट्रॉपिकल’ हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? नारळाची झाडं, निळंशार पाणी, फुलाफुलांचा शर्ट आणि छोटी छत्री खोचलेला ज्यूसचा ग्लास? बरोबर. ट्रॅव्हल कंपन्यांच्या ब्रोशर्सनी आपल्या डोक्यात हेच चित्र फिट करून ठेवलंय. त्यामुळे मी परवा ऑफिसला जाणाऱ्या चार फ्रेंड्सना विचारलं, ‘दुबई ट्रॉपिकल की धाराशिव?’ चौघांनीही बिनधास्त दुबईला मत दिलं. कारण काय, तर तिथे समुद्र आहे, खजुराची झाडं आहेत आणि ऊन म्हणजे अगदी भाजून काढणारं.

उत्तर नेमकं उलटं आहे. दुबई उष्ण कटिबंधाच्या बाहेर पडते, साधारण १९५ किलोमीटरने. आणि आपलं कोरडं, पाण्यासाठी आभाळाकडे बघणारं धाराशिव (२०२३ पर्यंतचं उस्मानाबाद) कटिबंधात चांगलं ५८० किलोमीटर आत आहे. नारळ नाही, समुद्र नाही, तरी शंभर टक्के ट्रॉपिकल.

मग ओळखायचं कसं? ऊन किती चटकतं यावरून अजिबात नाही. ऊन-पाऊस हा हवामानाचा मामला झाला. उष्ण कटिबंध ही सूर्याने आखलेली हद्द आहे. पृथ्वी आपल्या आसावर सुमारे २३.४४ अंश कललेली आहे. त्यामुळे वर्षभरात सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तर-दक्षिण हेलपाटे घालतो. उत्तरेकडे तो जास्तीत जास्त जिथवर येऊन डोक्यावर थांबतो ते कर्कवृत्त, दक्षिणेकडे जिथवर जातो ते मकरवृत्त. या दोन रेषांच्या मधल्या प्रत्येक गावात सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो. बाहेरच्या गावात कधीच येत नाही. फंडा एवढाच.

सोपा मार्ग म्हणजे मोबाइल काढा. नकाशात शहरावर बोट दाबून धरलं की दोन आकडे दिसतात. धाराशिवचे साधारण १८.१८ आणि ७६.०४. पहिला आकडा अक्षांश. तो २३.४४ पेक्षा कमी असला की शहर आत. दक्षिण गोलार्धातल्या शहरापुढे उणे चिन्ह येतं, ते सोडून द्यायचं आणि तोच नियम लावायचा.

इथे एक गोची होते मात्र. काही पुस्तकांत कर्कवृत्त २३ अंश २६ मिनिटं असं लिहिलेलं असतं आणि घाईत आपण त्याचं २३.२६ करून टाकतो. चूक! एका अंशात मिनिटं साठ असतात, म्हणून २६ मिनिटांचे दशांश .४३ च्या पुढे जातात. रांची २३.३४ वर आहे. २३.२६ धरलंत तर बिचारी रांची उगाच कटिबंधाबाहेर जाईल. शाळेत पाठ केलेलं ‘साडेतेवीस’सुद्धा थोडं सढळच. साडेतेवीस धरलं तर सांचीचा स्तूप (२३.४८) आत येतो, पण प्रत्यक्षात तो चारेक किलोमीटरने बाहेर आहे. भोपाळ आत, अहमदाबाद आत, हाँगकाँग आत. मस्कत आणि ढाका मात्र थोडक्यात हुकले. आणि महाराष्ट्र? अख्खाच्या अख्खा आत. नंदुरबारचं वरचं टोकसुद्धा २२ अंशांच्या आसपासच संपतं.

पण आकडे वाचण्यात काय मजा? खरी मजा सावलीत आहे. मागच्या मेमध्ये मी धाराशिवला मामांकडे होते. घराचं थोडं बांधकाम चालू होतं, म्हणून गवंड्याकडून ओळंबा मागून घेतला आणि गच्चीवर एक मीटर लांबीचा पाइप त्या ओळंब्याच्या दोरीला समांतर, म्हणजे अगदी सरळसोट, उभा केला. तारीख होती १२ मे. मामा जिन्यातूनच ओरडले, ‘अगं, भर उन्हात काय करायलीस वर?’

घड्याळात बाराचे ठोके पडले तेव्हा पाइपची सावली चांगली दिसत होती, पश्चिमेकडे पसरलेली. घाबरायचं नाही. आपल्या घड्याळाची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशाची. धाराशिव त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य इथल्या माथ्यावर उशिरा पोचतो. मेच्या मध्यावर साधारण १२ वाजून २२ मिनिटांनी. बारा वाजता सावली बघून ‘काही खास नाही’ म्हणत खाली उतरणारे लोक याच बावीस मिनिटांनी फसतात. मी थांबले. सावली आखडत आखडत पाइपच्या बुडाशी गोळा झाली आणि मिनिटभर जवळपास दिसेनाशीच झाली. तोवर मामाही वर आले होते. पाइपभोवती एक चक्कर मारून म्हणाले, ‘सूर्यानं गिळली की काय?’

हाच तो शून्य सावली दिवस. सूर्य या दिवसांत रोज सुमारे पाव अंश उत्तरेला सरकतो. जमिनीवर हे अंतर साधारण अठ्ठावीस किलोमीटर भरतं. म्हणून एकाच जिल्ह्यात उमरग्याला हा दिवस धाराशिवच्या एक-दोन दिवस आधी येतो आणि कळंबला एक-दोन दिवस नंतर. सूर्य परत फिरताना दुसरा शून्य सावली दिवस येतो, ३१ जुलैच्या आसपास. तो बहुधा ढगांत जातो, त्यामुळे मेमधलाच पकडलेला बरा.

आता समजा १२ मे हुकला. हरकत नाही. १२ मे ते ३१ जुलै या ऐंशी दिवसांत सूर्य धाराशिवच्या डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो, म्हणून भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. मेच्या शेवटी ढगांच्या आधी तोच पाइप उभा केला, तर सुमारे साडेसहा सेंटिमीटरची सावली दक्षिणेला मिळेल. २१ जूनला ती नऊ सेंटिमीटर होते. आता गंमत बघा. त्याच दिवशी दिल्लीत जॉब करणाऱ्या तुमच्या मित्राने तसाच पाइप उभा केला, तर त्याचीही सावली नऊच सेंटिमीटर. पण उत्तरेला! दिल्ली कर्कवृत्तापासून जेवढी वर, जवळपास तेवढंच धाराशिव खाली. लांबी सेम, दिशा उलटी. दिल्लीत वर्षाचे ३६५ दिवस दुपारची सावली उत्तरेलाच पडणार, तुम्ही काहीही करा. म्हणूनच टेस्ट सावलीच्या लांबीची नाही, दिशेची आहे. आपल्या गोलार्धात वर्षातून एकदा जरी दुपारची सावली दक्षिणेला पडली, तर शहर ट्रॉपिकल. एवढंच बघायचं की दिशा नीट ठरवलेली असावी आणि सावली सर्वांत आखूड असतानाच मापावी. सकाळ-संध्याकाळच्या सावल्या कुठेही भरकटतात, त्यांच्यावर जाऊ नका.

दोन शून्य सावली दिवसांमधलं अंतर तर आणखी काही सांगून जातं. धाराशिवहून सरळ उत्तरेला निघालात तर उज्जैन परिसरात कर्कवृत्त लागतं. तिथल्या डोंगला गावात वेधशाळाच आहे. तिथे वर्षातून एकच शून्य सावली दिवस, २१ जून. दक्षिणेला येऊ लागलो की या एका दिवसाचे दोन होतात आणि ते एकमेकांपासून लांब जातात. धाराशिवला ऐंशी दिवस. कन्याकुमारीला एप्रिलचा दुसरा आठवडा आणि सप्टेंबरची सुरुवात, म्हणजे जवळपास पाच महिने. आणखी खाली जात राहिलात की अंतर सहा महिन्यांवर येतं, एक दिवस मार्चच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेचा आणि दुसरा २२-२३ सप्टेंबरचा. वर्षाची जवळपास निम्मी-निम्मी वाटणी झाली की समजायचं, आलं विषुववृत्त!

धाराशिवपासून ते साधारण दोन हजार किलोमीटर. पण सरळ रेषेत गेलात तर पाय ठेवायला जमीन नाही, नुसता हिंदी महासागर. मग विषुववृत्तावर जमीन कुठल्या देशांची? स्पर्धा परीक्षा देणाऱ्या माझ्या मामेभावाचा यावर क्लासमध्ये वाद झाला होता, तेरा की अकरा? दोन्ही उत्तरांमागे कारण आहे. आफ्रिकेच्या पश्चिमेकडून मोजायला घ्या. साओ टोमे आणि प्रिन्सिपे, गॅबॉन, काँगोचं प्रजासत्ताक, काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक, युगांडा, केनिया, सोमालिया. हे सात. पुढे मालदीव, इंडोनेशिया आणि प्रशांत महासागरातला किरिबाती. मग दक्षिण अमेरिकेतले इक्वेडोर, कोलंबिया, ब्राझील. झाले तेरा. पण मालदीव आणि किरिबातीमध्ये रेषा बेटांच्या मधल्या पाण्यातून जाते, जमिनीला शिवतच नाही. म्हणून जमीन धरली तर अकरा. प्रश्नात ‘भूभाग’ लिहिलंय का, हे आधी बघायचं.

नावावर तर मुळीच जाऊ नका. इक्वेटोरियल गिनी या देशाच्या नावातच विषुववृत्त आहे, पण त्याची मुख्य भूमी रेषेच्या वर आणि अन्नोबोन नावाचं एक बेट खाली. रेषा मधल्या समुद्रातून निघून जाते. आपल्या आयटीवाल्यांचं लाडकं सिंगापूरही या यादीत नाही, ते दीडशे किलोमीटरच्या आत, पण उत्तरेलाच राहतं.

आणि रेषेवर उभं राहून फोटो काढणाऱ्यांसाठी एक सूचना. इक्वेडोरमध्ये क्विटोजवळ प्रसिद्ध स्मारक आहे, जमिनीवर पिवळी रेघ वगैरे ओढलेली. तिथे मोबाइल काढलात तर शून्य दिसणार नाही, कारण खरी रेषा तिथून सुमारे २४० मीटर लांब आहे. केनियात नान्युकीला विषुववृत्ताच्या पाटीपाशी लोक पाण्याचं भांडं घेऊन उभे असतात. रेषेच्या इकडे पाणी एका दिशेने फिरतं, तिकडे उलट, असं दाखवून पैसे घेतात. एवढ्याशा भांड्यात पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दिसण्याइतका नसतोच. पाणी ओततानाच त्याला हवा तसा झोल दिलेला असतो.

तिथे गेलात तर पाण्याचे पैसे वाचवा आणि सरळ काठी उभी करा. आणि जायचं बजेट नसेल तर पुढच्या १२ मेला धाराशिवची एसटी पकडा. १२ वाजून २२ मिनिटं. गच्ची, ओळंबा आणि टोपी विसरू नका!