भाजीवरून रोजचे भांडण, पण फायबर हरवते पोळी-भातात! हट्टी मुलांच्या ताटाचा हिशेब समजून घ्या

विरार लोकलमधून घरी पोहोचायला आठ-साडेआठ होतात. नऊच्या सुमारास ताट वाढले जाते आणि वसई-विरारमधल्या अनेक घरांत त्याच वेळी भांडण सुरू होते. कोबीची भाजी ताटाच्या कडेला ढकललेली असते. "दोन घास तरी खा, नाहीतर मोबाइल मिळणार नाही," असे आईबाबा सांगत असतात. सकाळी पोट साफ होत नाही, डॉक्टरांनी फायबर वाढवायला सांगितले आहे, म्हणून भाजी खाल्लीच पाहिजे, असा त्यामागचा हिशेब असतो. हा हिशेब एकदा आकड्यांत मांडून पाहिला, तर भांडण चुकीच्या पदार्थावरून चालले आहे हे लक्षात येते.

मुलाला रोज किती फायबर लागते?

फायबर म्हणजे धान्य, डाळी, फळे आणि भाज्यांमधला तंतुमय भाग. तो पचत नाही, पण पाणी धरून ठेवतो, त्यामुळे शौच मऊ राहते आणि पुढे सरकते. मुलांसाठी लक्षात ठेवायला सोपा असा एक नियम 1995 मध्ये अमेरिकेत मांडला गेला: मुलाच्या वयात 5 मिळवा, तेवढे ग्रॅम फायबर रोज किमान हवे. म्हणजे 7 वर्षांच्या मुलाला 12 ग्रॅम. हा नियम 3 वर्षांवरील मुलांसाठी आहे. काही शिफारशींमध्ये आकडा याहून मोठा असतो, पण घरच्या हिशेबाला सुरुवात म्हणून हा पुरेसा आहे.

ताटाचा हिशेब: फायबर कुठे कमी पडते?

समजा, दुसरीतली 7 वर्षांची मुलगी आहे. सकाळी दूध आणि चार मैद्याची बिस्किटे. डब्यात मैद्याचे झटपट नूडल्स. दुपारी वरण-भात, संध्याकाळी एक पाव, रात्री पुन्हा थोडा वरण-भात. भाजीला हात लावलेला नाही.

कच्च्या पांढऱ्या तांदळात 100 ग्रॅमला साधारण 2.8 ग्रॅम फायबर असते. मैद्यातही जवळपास तेवढेच. तूरडाळीत 9 ग्रॅमच्या आसपास. यावरून बिस्किटांतून अर्धा ग्रॅम, नूडल्समधून दीड, दुपारच्या वरण-भातातून पावणेतीन, पावातून एक आणि रात्रीच्या जेवणातून दोन ग्रॅम धरले, तर दिवसाची बेरीज 8 ग्रॅमला पोहोचते. हवे होते 12. तूट 4 ग्रॅमची.

आता कोबीचे ते दोन घास मोजू. दोन घास म्हणजे साधारण 30 ग्रॅम भाजी. कोबीत 100 ग्रॅमला पावणेतीन ग्रॅम फायबर असते, म्हणजे दोन घासांतून एक ग्रॅमही मिळत नाही. पालकात तर त्याहून थोडे कमीच. हिरव्या पालेभाज्यांत पाणी भरपूर असते, म्हणून वजनाच्या मानाने फायबर कमी भरते. रडारड करून मुलीने ते दोन घास गिळले, तरी तूट जवळपास तशीच राहते.

उलट गव्हाच्या न चाळलेल्या पिठात 100 ग्रॅमला 11 ग्रॅमहून जास्त फायबर असते. नूडल्सऐवजी डब्यात दोन छोट्या पोळ्या दिल्या (सुमारे 40 ग्रॅम पीठ) आणि त्यांना दोन चमचे शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळ्या केल्या, तर एका डब्यातून साडेपाच ग्रॅम मिळतात. आधी दीड मिळत होते. तेवढ्या एका बदलाने दिवसाची बेरीज 12 च्या घरात जाते, आणि भाजीचा विषयही निघालेला नसतो.

पोळी तर रोजच होते, मग अडते कुठे?

बऱ्याचदा चाळणीत. गिरणीतून दळून आणलेले पीठ बारीक चाळणीने चाळले की वर राहिलेला कोंडा टाकून दिला जातो. गव्हाचे बहुतेक फायबर त्या कोंड्यातच असते. पोळी मऊ, पांढरी व्हावी म्हणून केलेली ही गोष्ट पोळीला मैद्याच्या दिशेने नेते. जाड चाळणी वापरली, तर खडा-कचरा निघतो आणि कोंडा पिठात राहतो. पीठ पंधरा-वीस मिनिटे जास्त भिजू दिले, तर कोंड्याची पोळीही मऊ होते.

वसईच्या बऱ्याच घरांत तांदळाची भाकरी होते. ती घरची आणि पौष्टिक वाटते, पण फायबरच्या हिशेबात ती भातासारखीच. इथे उपाय जिल्ह्यातच आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात पिकणाऱ्या नाचणीत 100 ग्रॅमला सुमारे 11 ग्रॅम फायबर असते. 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीत एक तृतीयांश नाचणी मिसळली, तर फायबर पावणेदोन ग्रॅमवरून सव्वातीनपर्यंत जाते.

रंग बदलला की मुले लगेच ओळखतात. म्हणून पहिल्या आठवड्यात दहा वाट्या तांदळाच्या पिठात एकच वाटी नाचणी घालावी आणि दर आठवड्याला थोडी वाढवावी. विचारले, तर खरे सांगावे. लपवाछपवी उघडी पडली, तर मूल पुढे ओळखीच्या भाकरीवरही संशय घेते.

फळ चालेल का?

चालेल, पण कोणते आणि कसे यावर बरेच अवलंबून आहे. पेरूत 100 ग्रॅमला साडेआठ ग्रॅमच्या आसपास फायबर असते. मध्यम आकाराचा अर्धा पेरू म्हणजे 4 ग्रॅमहून जास्त. संध्याकाळच्या पावाऐवजी तो मीठ लावून दिला, तर काम होते. डहाणू-घोलवडचा चिकूही फायबरच्या बाबतीत चांगला. वसईची केळी मुलांना आवडतात. एका छोट्या केळ्यात दीड-दोन ग्रॅम फायबर मिळते. सुकेळी चविष्ट असते, पण ती गोड आणि दाताला चिकटणारी, त्यामुळे एखादा तुकडा पुरे.

फळाचा रस मात्र गाळला की फायबर गाळणीतच राहते. मिक्सरमध्ये बारीक केल्याने ते जात नाही, गाळल्याने जाते. म्हणून वरणात शिजवून घोटलेला भोपळा उपयोगी, पण गाळलेले सूप फारसे नाही.

जबरदस्ती केली तर निदान सवय तरी लागेल ना?

नेमके उलटे होते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी 2006 मध्ये शाळापूर्व वयाच्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना सूप दिले गेले. काही वेळा "सूप संपव" असे वारंवार सांगितले, काही वेळा काहीच सांगितले नाही. दबाव नसताना मुलांनी सूप जास्त घेतले आणि त्याबद्दल नावेही कमी ठेवली.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यासाठी कामाची वाटणी सुचवली आहे. काय, कधी आणि कुठे वाढायचे हे पालकांनी ठरवायचे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. घरात हे असे दिसते: ताटात मुलाला नक्की आवडणारा एक पदार्थ असतो, शेजारी एक चमचा भाजी असते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मोठी माणसे तीच भाजी खातात. मुलाने ती सोडली, तर ताट शांतपणे उचलायचे. "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" हा सौदाही नको. त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढेच मूल शिकते.

दोन ते सहा वर्षांच्या वयात नवीन पदार्थाची धास्ती वाटणे स्वाभाविक असते. एखादी चव पटायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. बहुतेक घरे तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर "याला हे आवडत नाही" असे ठरवून टाकतात.

भाजी ताटात राहायला हवीच. जीवनसत्त्वांसाठी आणि पुढच्या आयुष्यभराच्या चवीसाठी ती लागते. पण फायबरचा भार धान्य, कडधान्ये आणि फळांनी उचलला, की भाजीला हा वेळ देता येतो. रात्री नऊच्या भांडणाचे कारणच उरत नाही.

फायबर वाढवूनही पोट साफ होत नसेल तर?

तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पाणी. शाळेतून बाटली भरलेलीच परत येते का, हे पाहावे. शाळेतल्या स्वच्छतागृहात जायचे टाळण्यासाठी अनेक मुले पाणीच पीत नाहीत. पाण्याशिवाय फायबर वाढवले, तर त्रास वाढू शकतो. दुसरी, दूध. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या मुलाला जेवायला भूकच राहत नाही. तिसरी, वेग. एकदम सगळे बदलले, तर पोट फुगते आणि वायू होतो. आठवड्याला एकच बदल करावा.

बदल लागू पडतो आहे का, हे शौचावरून कळते. खडे किंवा गुठळ्या येत असतील, तर अजून कमी आहे. मऊ, लांबट आणि न दुखता होत असेल, तर जमले.

एक चक्र मात्र ओळखायला हवे. एकदा शौचाला दुखले की मूल ते रोखून धरते. रोखले की ते आणखी घट्ट होते, भूक मरते आणि खाण्याचे नखरे वाढतात. घरच्यांना तो हट्ट वाटतो. अशा मुलाच्या आतड्यात घट्ट शौच साचलेले असेल, तर नुसते फायबर देऊन उपयोग नाही. आधी डॉक्टरांच्या औषधाने ते मोकळे करावे लागते. चड्डीला वारंवार पातळ डाग लागणे हेही जुलाबाचे नव्हे, तर साचलेल्या शौचाचे लक्षण असू शकते. रक्त पडणे, वजन न वाढणे, पोट फुगून उलट्या होणे किंवा अगदी बाळपणापासून बद्धकोष्ठता असणे, यांपैकी काही दिसले, तर घरगुती प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

लहान मुलांसाठी काळजी

चार वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात. कूट किंवा चटणी चालते. उसळ पूर्ण मऊ शिजवून ठेचून द्यावी. या वयात पोट लहान असते, त्यामुळे कोंडा वेगळा आणून जेवणात मिसळू नये. त्याने पोट भरते आणि वाढीसाठी लागणारे बाकीचे अन्न जात नाही.

या आठवड्यात काय बदलाल?

- पहिला आठवडा: डब्यातला मैद्याचा पदार्थ बदलून न चाळलेल्या पिठाची पोळी-चटणी.
- दुसरा आठवडा: संध्याकाळी पावाऐवजी अर्धा पेरू किंवा केळे.
- तिसरा आठवडा: दोन दिवस रात्री वरणाऐवजी अख्ख्या मुगाची मऊ उसळ.
- तिन्ही आठवडे: ताटात एक चमचा भाजी, आणि तिच्याबद्दल एक शब्दही नाही.