पान पाणी वाचवते, मूळ पाणी शोधते

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी ‘पूसा डीएसटी राईस १’ हे जनुक-संपादित भाताचे वाण जाहीर केले आणि ‘दुष्काळ सहन करणारा भात’ अशी त्याची ओळख झाली. शिफारशीच्या राज्यांत छत्तीसगडही आहे. बीरगांवच्या कारखान्यांची हद्द संपली की भाताचीच शेते लागतात. त्यामुळे ही ओळख कितपत खरी, हा प्रश्न इथे निव्वळ कुतूहलाचा नाही.

माती सुकू लागली की वनस्पतीत अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढते. त्याच्या संकेताने पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, त्यामागून पाणी जाते, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटते. डीएसटी हे जनुक रंध्रांवर वेगळ्या वाटेने, हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पातळीमार्फत, नियंत्रण ठेवते. एमटीयू १०१० या प्रचलित वाणात ते निकामी केले, तेव्हा पानावरील रंध्रांची संख्या घटली आणि पानात पाणी अधिक टिकले.

ही काटकसर आहे, नवी मिळकत नव्हे. रंध्र मिटले की कार्बन डायऑक्साइडही अडतो आणि पान तापते. पेशीत विद्राव्ये साठवून पाणी खेचण्याचा दुसरा उपायही फुकट नाही. २७ अंश सेल्सिअसला एक लिटर पेशीद्रवात १८ ग्रॅम ग्लुकोज वाढले, तर परासरण दाब सुमारे अडीच बारने वाढतो; पण ती साखर तेवढा काळ दाण्याला मुकते.

मिळकत होते ती मुळांतून. एमटीयू १०१० चा एक जनक आयआर ६४. त्याची मुळे उथळ पसरतात, कारण त्याच्या डीआरओ१ जनुकातील एक अक्षर गळालेले आहे. फिलिपिन्सच्या ‘किनांडांग पटोंग’ वाणातील अखंड जनुक त्यात आणल्यावर मुळे उभी खोल उतरली आणि दुष्काळातही दाणे भरले, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र खाली पाणी असेल तरच खोल मुळांना अर्थ. रायपूरच्या काळ्या, खोल ‘कन्हार’ जमिनीत ते असते. मुरमाड, उथळ ‘भाटा’ जमिनीत मुळांना उतरायला जागाच नसते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. घोषणेच्या वेळी या वाणाबाबत दिलेली ९.६६ ते ३०.४ टक्के उत्पादनवाढ खारवट आणि चोपण जमिनींतील होती. तो आकडा कोरडवाहू शेताच्या नावे खपवू नये. छत्तीसगडच्या शेतकऱ्याला बियाणे देण्यापूर्वी कन्हार आणि भाटा या दोन्ही जमिनींत, ऐन फुलोऱ्यात पाणी तोडून, मूळ एमटीयू १०१० च्या शेजारी त्याची चाचणी घ्यावी आणि दोन्ही ठिकाणचे उत्पादन वेगवेगळे प्रसिद्ध करावे. पान हिरवे राहिले एवढ्याने भागत नाही. लोंबीत दाणा भरला का, हे मोजायला हवे.